भाडं छप्पन हजार, मग टीडीएस कोणी कापायचा?

वाचकाचं पत्र

*आम्ही दोघं जून २०२५पासून पुण्यात बाणेरला भाड्याने राहतो. लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार माझ्या एकट्याच्या नावावर आहे. भाडं महिना ५६,००० रुपये, दर ५ तारखेला खात्यातून आपोआप जातं. परवा ऑफिसात एकाने विचारलं, "भाड्यावर टीडीएस कापतोस ना?" मला तर ते कंपन्यांचं काम वाटत होतं. शिवाय मी नवी करप्रणाली घेतली आहे, घरभाडे भत्त्याची सूट मागतच नाही. घरमालक काका सत्तरीचे, निवृत्त, वर्षातले चार-पाच महिने मुलीकडे अमेरिकेत असतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माझा टॅक्स मी भरतो. हवं तर १५एच देतो. नाहीतर निम्मं भाडं काकूंच्या खात्यात टाक." मार्चचं भाडं तर गेलंही. कापायचंच असेल तर पन्नासच्या वरच्या सहा हजारांवरच ना? एप्रिलअखेर करार नवा करायचाय, त्यांच्याशी वितुष्ट नको आहे.*

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे आकडाच बदलतो. महिन्याला पन्नास हजार भाड्याची मर्यादा दारासारखी आहे. आत जायचं की नाही एवढंच ती ठरवते. एकदा आत गेलात की कपात पूर्ण भाड्यावर होते, वरच्या सहा हजारांवर नाही. तुमचे जून ते मार्च असे दहा महिने झाले, म्हणजे ५,६०,००० रुपये भाडं. त्याचे २ टक्के ११,२०० होतात. हा दर १ ऑक्टोबर २०२४पासूनचा आहे. त्याआधी तो ५ टक्के होता आणि याच भाड्यावर २८,००० कापावे लागले असते, म्हणून जुने लेख वाचून घाबरू नका.

आता हे कंपन्यांचं काम आहे का, याबद्दल. कंपन्यांसाठीचं कलम वेगळं, १९४-आय. तुमचं कलम १९४-आयबी. ते १ जून २०१७पासून मुद्दाम तुमच्यासारख्यांसाठीच आणलं गेलं: पगारदार, किंवा ज्यांच्या धंद्या-व्यवसायाला कर-लेखापरीक्षण लागत नाही अशा व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबं. तुमच्या नावावर पगाराशिवाय मोठा धंदा असता आणि आदल्या वर्षी त्याची उलाढाल लेखापरीक्षणाच्या मर्यादेपलीकडे गेली असती, तर तुम्हालाही कंपनीच्या रांगेत उभं राहावं लागलं असतं. तिथे टीडीएस कापणाऱ्याचा वेगळा टॅन नंबर आणि तिमाही विवरणपत्रं आली. पगारदार भाडेकरूला यातलं काहीच लागत नाही. तुमचा पॅन आणि काकांचा पॅन, एवढ्यावर काम होतं.

नव्या करप्रणालीचा आणि याचा संबंध नाही. घरभाडे भत्त्याची सूट ही तुमच्या स्वतःच्या कराची बाब आहे, टीडीएस हा काकांच्या कराचा आगाऊ हप्ता आहे. तो कापून सरकारात भरण्याचं काम कायद्याने तुमच्यावर सोपवलंय. सूट मागितली नाही म्हणून ते काम टळत नाही. एवढं खरं की जे सूट मागतात त्यांचं प्रकरण लवकर उघडं पडतं, कारण वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की ऑफिसला मालकाचा पॅन द्यावा लागतो.

तुम्ही दर महिन्याला कापत नव्हता, ही मात्र चूक नाही. या कलमात कपात वर्षातून एकदाच होते. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्याचं भाडं देताना, किंवा वर्षाच्या मध्येच घर सोडलं तर राहण्याच्या शेवटच्या महिन्याचं भाडं देताना. इथे बरेच जण कराराच्या तारखांमध्ये अडकतात. तुमचा करार एप्रिलमध्ये संपतो, म्हणून कपातही एप्रिलमध्ये करू असं वाटणं साहजिक आहे. पण कायदा कराराचे अकरा महिने मोजत नाही, एप्रिल ते मार्च मोजतो. जून ते मार्चची कपात मार्चमध्ये. एप्रिलचं भाडं पुढच्या वर्षात पडतं. करार नवा झाला आणि तुम्ही तिथेच राहिलात तर एप्रिलचं भाडं मार्च २०२७च्या कपातीत धरायचं. एप्रिलअखेर घर खाली केलंत तर एप्रिलचं भाडं देतानाच त्या एका महिन्याचे १,१२० रुपये कापायचे.

म्हणजे कापायची वेळ होती ५ मार्च. त्या दिवशी काकांच्या खात्यात ५६,०००ऐवजी ४४,८०० जायला हवे होते. बँकेच्या आपोआप जाणाऱ्या हप्त्याला हे कळायचं कारण नाही, आणि दर मार्चमध्ये असं फसलेलं एकतरी पत्र माझ्याकडे येतंच. (पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच तो हप्ता थांबवा आणि मार्चचं भाडं हाताने पाठवा.)

झालं ते निस्तरता येतं. सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे काकांनी ११,२०० रुपये याच महिन्यात तुमच्या खात्यात परत पाठवावेत. मग मार्चच्या भाड्यातून कपात मार्चमध्येच झाली. ती रक्कम ३० एप्रिलपर्यंत सरकारात भरायची, कारण ज्या महिन्यात कपात झाली तो महिना संपल्यापासून ३० दिवस मिळतात. काकांनी आता परत पाठवले नाहीत, तर थांबून राहू नका. तुमच्या खिशातून ११,२०० भरा आणि एप्रिलच्या भाड्यातून तेवढे कमी द्या, तसं त्यांना आधी लिहून कळवून. या मार्गात कपात उशिरा झाली असं धरलं तर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला १ टक्का व्याज लागतं. मार्च आणि एप्रिल दोन्ही धरले तरी २२४ रुपये. एवढ्यासाठी झोप घालवू नका. पण "काका हो म्हणतील तेव्हा भरू" असं करू नका, कारण कर भरला नाही तर नोटीस काकांना नाही, तुम्हाला येईल.

आता काकांची तीन उत्तरं. तिन्ही ते सद्हेतूनेच देत असावेत, कारण बहुतेक मालकांना टीडीएस म्हणजे भाड्यातून गेलेला पैसा वाटतो.

"माझा टॅक्स मी भरतो." भरत असतीलच. पण त्यामुळे तुमची जबाबदारी आपोआप संपत नाही. कायद्यात एक सोय आहे. मालकाने विवरणपत्र भरलं, त्यात हे भाडं दाखवलं, त्यावरचा कर भरला आणि सीएकडून तसा दाखला फॉर्म 26A मध्ये मिळाला, तर न कापलेला कर तुमच्याकडून वसूल होत नाही. तरीही कपात करायची होती त्या दिवसापासून काकांनी विवरणपत्र भरलं त्या दिवसापर्यंतचं व्याज तुम्हालाच भरावं लागतं. दाखल्यासाठी सीएची फी वेगळी, आणि काकांचे कागद मिळवायला त्यांच्या मागे फिरायचं ते वेगळंच. ही सोय चूक निस्तरण्यासाठी आहे. अजून वेळ हातात असताना तिचा आधार घेणं म्हणजे छत्री असून भिजणं.

"१५एच देतो." ज्येष्ठ नागरिक बँकेत मुदतठेवीच्या व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून १५एच देतात, आणि काकांना ते सवयीचं आहे. पण १५जी-१५एचची सोय ठराविक कलमांनाच आहे. त्यात कंपन्यांचं १९४-आय येतं, तुमचं १९४-आयबी येत नाही. त्यांनी प्रेमाने सही करून दिलेला फॉर्म तुमच्या फायलीत पडून राहील, त्याने कपात टळणार नाही.

"निम्मं काकूंच्या खात्यात टाक." हे सगळ्यात मोहात पाडणारं उत्तर आहे, कारण २८,००० आणि २८,००० असे दोन आकडे पन्नासच्या आत दिसतात. पण प्रश्न पैसा कोणत्या खात्यात गेला हा नाही. भाडं कोणाचं उत्पन्न आहे, हा आहे. फ्लॅट खरोखर दोघांच्या नावावर असेल, दोघांचा हिस्सा खरेदीखतात ठरलेला असेल आणि करार दोघांशी असेल, तर प्रत्येकाचा वाटा वेगळा पाहायला जागा आहे. तुमच्या पत्रावरून घर काकांचं एकट्याचं दिसतं. तसं असेल तर काकूंच्या खात्यात टाकलेलं निम्मं भाडंही काकांचंच उत्पन्न. दहा महिने एका खात्यात पूर्ण भाडं गेल्यावर अकराव्या महिन्यात ते दोन भागांत मोडलं, तर कोणालाही कारण कळेल. एकदा इंडेक्स टू काढून बघा, मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते.

मला या पत्रातली काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळीच वाटली: अमेरिका. हे कलम मालक भारतात 'रहिवासी' असेल तरच लागू आहे. मालक अनिवासी असला तर कलम १९५ लागतं आणि सगळा हिशेब बदलतो. पन्नास हजारांची मर्यादा राहत नाही, दर महिन्याच्या भाड्यातून कपात करावी लागते, टॅन काढावा लागतो, आणि दर साधारणपणे सेससकट ३१.२ टक्के असतो. म्हणजे तुमच्या भाड्यावर महिन्याला १७,४७२ रुपये. अनिवासी मालकाचं घर घेणारे भाडेकरू इथेच सगळ्यात जास्त पोळतात, कारण त्यांनी २ टक्के कापून सगळं नीट केलं असं समजून झोप काढलेली असते.

रहिवासी कोण हे पासपोर्टवरून ठरत नाही, दिवसांवरून ठरतं. आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहिलेली व्यक्ती रहिवासी. काका चार-पाच महिने बाहेर असतात, म्हणजे सात-आठ महिने इथे, म्हणजे दोनशेच्या वर दिवस. ते रहिवासीच आहेत. पण यंदा मुलीकडचा मुक्काम लांबला होता का, एवढं सहज विचारून घ्या. आणि फ्लॅट खरं तर मुलीच्या नावावर असून काका नुसते कुलमुखत्यार म्हणून सही करत असतील, तर मालक मुलगी आहे आणि वरचा परिच्छेद तुमच्यासाठी आहे. इंडेक्स टू बघायला सांगितलं त्याचं दुसरं कारण हे.

काकांचा पॅन घेताना तो चालू आहे ना, तेही विचारा. पॅन दिला नाही, किंवा आधारशी न जोडल्याने तो निष्क्रिय झाला असेल, तर दर २०ची टक्केवारी गाठतो. तुमच्या भाड्यावर ते १,१२,००० होतात. कायद्याने इथे एक आडकाठी घातली आहे, कपात शेवटच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त होऊ शकत नाही. म्हणजे मार्चचे पूर्ण ५६,००० जातात. पॅन द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मालकाला हा एक आकडा सांगितला की पॅन सापडतो, असा माझा अनुभव आहे.

भरायची रीत अवघड नाही. आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर स्वतःच्या पॅनने लॉगिन करा. e-Pay Tax मध्ये New Payment घेतलं की पर्यायांमध्ये 26QC दिसतो. हे चलनही आहे आणि विवरणपत्रही, म्हणून नंतर वेगळं काही दाखल करावं लागत नाही. काकांचा पॅन आणि पत्ता, घराचा पत्ता, भाड्याचा काळ, एकूण भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं आणि कपातीची तारीख, एवढं विचारलं जातं. नेहमीची चूक एकूण भाड्याच्या रकान्यात होते. तिथे ५,६०,००० हवेत. लोक फक्त मार्चचे ५६,००० टाकतात. पैसे भरण्याआधी कराचा आकडा बघा, तो ११,२०० ऐवजी १,१२० दिसत असेल तर चूक तीच आहे. काकांच्या पॅनची दहा अक्षरं दोनदा वाचून घ्या. एक अक्षर चुकलं तर तुमचे पैसे तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर दिसतात आणि ती दुरुस्ती आयकर खात्याच्या टीडीएससाठीच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरून करावी लागते, जी वेळखाऊ आहे.

पैसे भरल्यावर काही दिवसांनी त्याच ट्रेसेसवर तुमच्या पॅनने नोंदणी करून फॉर्म 16C उतरवून घ्या आणि काकांना द्या. त्यासाठी 26QCच्या मुदतीनंतर १५ दिवस आहेत, म्हणजे १५ मे. हा कागद काकांच्या हातात पडला की त्यांची अर्धी नाराजी मावळते, कारण भाड्यातले पैसे कुठे गेले हे त्यांना दिसतं. तीच रक्कम त्यांच्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या 26AS मध्येही उमटते.

काही केलंच नाही तर काय, असं मनात येत असेल म्हणून सांगते. कापलेला कर भरला नाही तर महिन्याला दीड टक्का व्याज आहे, पण खरी बोच विलंब शुल्काची असते. 26QC उशिरा भरला की दिवसाला २०० रुपये. ते कराच्या रकमेपेक्षा वाढत नाही, पण तुमच्या बाबतीत ५६ दिवसांत ११,२०० गाठतं. म्हणजे दोन महिन्यांच्या आत कर दुप्पट. अशा नोटिसा दोन-तीन वर्षांनीही येतात, तेव्हा तुम्ही ते घर सोडलेलं असतं आणि मालकाकडून काही वसूल करायची सोय राहिलेली नसते. कायद्याची बाजू एवढीच आहे.

राहिलं काकांशी बोलणं. "कायदा आहे, कापणारच" असं म्हणालात तर तुम्ही बरोबर असाल आणि करार मोडेल. त्यापेक्षा त्यांच्या हिशेबाने बोला. वर्षाचं भाडं ५,६०,०००. त्यातून महापालिकेचा मिळकतकर त्यांनी भरला असेल तर तो वजा होतो, आणि उरलेल्यातून दुरुस्ती वगैरेंसाठी म्हणून सरसकट ३० टक्के वजा होतात. मिळकतकर बाजूला ठेवला तरी करपात्र उत्पन्न ३,९२,०००वर येतं. पेन्शन आणि व्याज धरून सगळं उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर नव्या करप्रणालीत या वर्षी सवलतीमुळे त्यांना कर बसणारच नाही. मग विवरणपत्र भरल्यावर हे ११,२०० त्यांना परत मिळतात. कर बसत असेल तर तेवढे आधीच भरलेले आहेत, शेवटी तेवढे कमी द्यावे लागतात. दोन्हीकडे त्यांचा एक रुपयाही जात नाही. मी असते तर असा निरोप पाठवला असता:

"काका, भाड्यावरचा २ टक्के टीडीएस मला मार्चमध्ये कापायचा होता, माझ्या हातून राहिला. दहा महिन्यांचे ११,२०० होतात. ते तुमच्याच पॅनवर जमा होतील आणि मी १६सीचा कागद आणून देईन. मार्चचं पूर्ण भाडं गेलंय, म्हणून तेवढे या आठवड्यात परत पाठवाल का? नाहीतर एप्रिलच्या भाड्यातून वळते करू. तुमचा पॅन नंबरही हवा आहे."

चूक आपल्याकडे घेतली की ज्येष्ठ माणसं सहसा अडून बसत नाहीत. इतकं सांगूनही काका पॅन द्यायला तयार नसतील, तर हे भाडं त्यांच्या विवरणपत्रात नसण्याची शक्यता आहे, आणि मग घर कितीही आवडतं असलं तरी नवा करार करायचा का, याचा विचार करा.

नवा करार करताना एक ओळ घालून घ्या: लागू असलेला टीडीएस भाडेकरू कापेल, मालक पॅन देईल आणि घर सोडताना शेवटच्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं तरी टीडीएसची रक्कम डिपॉझिट परत करतानाच्या हिशेबात धरली जाईल. शेवटचा भाग अनेकांना सुचत नाही. परत मिळणारं डिपॉझिट हे भाडं नसतं, त्यावर टीडीएस नाही. पण शेवटचे दोन महिने "डिपॉझिटमधून धरा" म्हणून भाडं दिलंच नाही, तर त्या दोन महिन्यांपुरतं डिपॉझिट भाडं होतं आणि कापायला मात्र हातात काही उरत नाही.

१ एप्रिल २०२६पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होतोय. पन्नास हजारांची मर्यादा आणि २ टक्के तसेच राहतात, पण कलमांचे क्रमांक बदलतात. त्यामुळे मार्च २०२७ची कपात भरायला बसाल तेव्हा हे कात्रण समोर ठेवून 26QC शोधत बसू नका, त्या वेळी पोर्टल भाड्याच्या टीडीएससाठी कोणता फॉर्म दाखवतं तो घ्या. आत्ताची कपात मार्चमधली असल्याने जुन्याच कायद्याने होते. काकांचे पैसे आले की मुदतीची वाट न पाहता ३१ मार्चच्या आतच भरून टाका.